मौजे किरुना

दोनशे चाळीस रुपयांनी माणूस भिकेला लागत नाही, हे मलाही कळतं. या दिवाळीत बायकोने ते मला इतक्या वेळा समजावलं की शेवटी शेवटी चकलीच्या घाण्यागणिक एकदा ऐकत होतो. पण ती कुरियरची पावती अजून माझ्या पाकिटात आहे, आणि पाकीट उघडलं की आधी तीच दिसते. माझं गाव 'ग्रामीण' आहे, म्हणून ते दोनशे चाळीस.

झालं असं की ब्रिताला फराळ पाठवायचा होता. ब्रिता माझी पत्रमैत्रीण. 1988 साली मी नववीत असताना फिनलंडमधल्या तुर्कू नावाच्या गावची एक संस्था शाळकरी पोरांना परदेशातले पत्रमित्र जुळवून द्यायची. आमच्या इंग्रजीच्या सरांनी वर्गातल्या सहा जणांचे अर्ज भरून पाठवले. पाच जणांचा पत्रव्यवहार दुसऱ्या पत्रात आटपला. माझा अजून चालू आहे. स्वीडनच्या अगदी उत्तरेला, उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर, किरुना नावाचं गाव आहे, तिथली ही ब्रिता. आता पत्रं कमी आणि मोबाईलवर फोटो जास्त, पण दिवाळीचा डबा दर दोनतीन वर्षांनी जातोच.

तर मी डबा घेऊन कोल्हापुरात, भर बाजारात, कुरियरच्या काउंटरवर उभा. काउंटरवरच्या मुलीने माझा पिनकोड टाकला, पडद्याकडे बघितलं आणि डॉक्टर रिपोर्ट बघून बोलतात तशा आवाजात म्हणाली, "काका, तुमचं गाव ग्रामीणमध्ये येतंय."

"येऊ दे की."

"ग्रामीण पिकअपचा चार्ज लागेल. दोनशे चाळीस."

"पण पिकअप कुणी केलाय? मी स्वतः घेऊन आलोय. हा बघा मी. हा बघा डबा."

"हो, पण पत्ता ग्रामीण आहे ना."

म्हणजे मी शहरात उभा, डबा शहरात, काउंटर शहरात, फक्त माझा पत्ता खेड्यात. त्या पत्त्याला तिकडून इकडे यायला दोनशे चाळीस रुपये खर्च आला होता आणि तो मी द्यायचा. मी म्हणालो, "ताई, आमच्या गावात सात मजली इमारती आहेत. दोन मॉल नाहीत, कबूल आहे, पण तीन जिम आहेत. आमच्या गावातून इथं यायला मला रस्त्यात शहर कुठं सुरू झालं ते कळतसुद्धा नाही. एका लाइटच्या खांबाच्या अलीकडे महापालिका आणि पलीकडे ग्रामपंचायत."

"खांबाचं सिस्टीममध्ये नसतं काका."

इथं मी मुकाट्याने पैसे दिले असते तर हा लेख झाला नसता. पण माझ्या मागे रांगेत एक गृहस्थ होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात दोरीने करकचून बांधलेला खोका. त्यांनी माझ्या खांद्यावरून पुढे वाकून पडद्यावर नजर टाकली आणि विचारलं, "गाव कुठलं वो तुमचं?"

मी सांगितलं. (इथं सांगत नाही. आमचे सरपंच हल्ली सगळं वाचतात.)

"मग बरोबर हाय की. ते गावच हाय," ते म्हणाले. "मी तिथं चार वर्षं तलाठी होतो."

आयुष्यात मी अनेक लोकांशी वाद घातलाय, पण निवृत्त तलाठ्याशी घालू नये हे मला त्या दिवशी कळलं. वकील निदान फी घेऊन थांबतो. तलाठ्याच्या डोक्यात सगळ्या जिल्ह्याचा सातबारा असतो आणि तो उताऱ्यासारखा एकेक ओळ सोडत जातो. मी म्हणालो, "साहेब, गाव होतं. आता तीस हजारांच्या वर वस्ती आहे."

"वस्तीचा काय संबंध? मौजे म्हणजे मौजे."

"म्हणजे?"

"सातबाऱ्यावर काय लिहितात? मौजे अमुक, तालुका तमुक. मौजे म्हणजे महसुली गाव. त्याला शीव असते, नकाशा असतो, गट नंबर असतात. माणसं असलीच पाहिजेत असं कुठं हाय? ओसाड गाव पण असतंय, कागदावर असतंय, माणूस एक नाही. मुंबईचं घ्या. मौजे अंधेरी. मौजे कुर्ला. पुण्यात शिवाजीनगर म्हणतात ते काय? मौजे भांबुर्डे! सगळी गावंच. शहर हे वरनं घातलेलं जाकीट हाय. काढलं की खाली मौजे."

काउंटरवरच्या मुलीने "पुढचे या" असं म्हणून पाहिलं. पुढचे तेच होते, त्यामुळे कुणी हललं नाही.

मला राग यायला हवा होता, पण आठवण आली ती ब्रिताच्या दुसऱ्या पत्राची. पहिल्या पत्रात मी नम्रपणाने लिहिलं होतं, 'मी एका लहान खेड्यात राहतो. आमच्या गावची लोकसंख्या फक्त नऊ हजार आहे.' हा 'फक्त' सरांनी घातला होता. परदेशी लोकांपुढे बढाई मारू नये असं त्यांचं मत होतं. ब्रिताचं उत्तर दीड महिन्याने आलं. त्यात लिहिलं होतं की तुला शून्य एक जास्त पडलंय का? खेडं म्हणजे साठ माणसं, फार तर शंभर. आणि पुढच्याच ओळीत, कसलाही नम्रपणा न दाखवता: 'मी जगातल्या सगळ्यात मोठ्या शहरात राहते.'

आम्ही सहा जण आणि सर असे सात जण शाळेच्या नकाशासंग्रहावर वाकलो. लंडन होतं, टोकियो होतं, मेक्सिको सिटी होती. किरुना शोधायला भिंग लागलं. सापडलं तेव्हा तो टिंबसुद्धा नव्हता, टिंबाचं पिल्लू होतं. सर म्हणाले, "मुलगी खोटं बोलतेय. पण इंग्रजी चांगलं आहे, चालू ठेव."

मुलगी खोटं बोलत नव्हती. पुढच्या पत्रात तिने आकडे दिले. किरुनाचं क्षेत्रफळ सुमारे वीस हजार चौरस किलोमीटर. आपला सगळ्यात मोठा जिल्हा नगर, आताचा अहिल्यानगर, तो सतरा हजार. म्हणजे तिचं 'शहर' आमच्या सगळ्यात मोठ्या जिल्ह्याहून मोठं आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या अडीचपट. त्या शहरात तलाव होते, जंगलं होती, रेनडिअरचे कळप होते, आणि स्वीडनमधलं सर्वात उंच शिखर केबनेकाईसे, तेसुद्धा शहराच्या हद्दीत. हद्दीचं एक टोक नॉर्वेला आणि दुसरं फिनलंडला टेकलेलं. आणि एवढ्या सगळ्यात माणसं किती? तेव्हा सव्वीस हजारांच्या आसपास. आता तर बावीस. चौरस किलोमीटरला माणूस एक, आणि उरलेला एखादा हातपाय.

हे असं कसं झालं ते मला फार पुढे समजलं. 1900 साली तिथं लोखंडाच्या खाणीसाठी वसाहत वसवली. आजूबाजूला युकासयार्वी नावाचा अफाट ग्रामीण परगणा. 1948 साली सरकारने शहराचा दर्जा दिला तो नुसत्या खाणीच्या वसाहतीला दिला नाही, त्या अख्ख्या परगण्याला दिला. एका रात्रीत अस्वलं, डोंगर आणि बर्फ शहरवासी झाले. आणि खरा विनोद पुढेच आहे. 1971 साली स्वीडनने कायद्यातून 'शहर' हा दर्जाच काढून टाकला. सगळीकडे एकच नाव: कोम्यून. म्हणजे आपल्याकडची ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिका एकाच रकान्यात कोंबल्यासारखं. स्टॉकहोम अजून स्वतःला शहर म्हणवतं ते हौसेने, कायद्याने नव्हे. तेव्हा ब्रिताने मला 1988 मध्ये जगातलं सर्वात मोठं शहर म्हणून जे ऐकवलं, ते शहर रद्द होऊन सतरा वर्षं झाली होती. शिवाय ऑस्ट्रेलियात माउंट आयझा नावाचं एक खाणगाव आहे, त्याची हद्द किरुनाच्या दुप्पट. हे मी तिला कळवलं तेव्हा तिने तीन महिने पत्र पाठवलं नाही.

"काय विचार करताय?" तलाठीसाहेबांनी विचारलं.

"साहेब, पण जनगणनेत आमचं गाव शहर आहे," मी म्हणालो. हा माझा हुकमाचा पत्ता होता. "2011 च्या यादीत. जनगणना शहर."

हे ऐकून ते खरंच हरखले. मला वाटलं हरले, पण ते विषय सापडल्याच्या आनंदात होते. त्यांनी खोका खाली ठेवला. मागच्या बाईंनी आपली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "ते येगळं. त्याला तीन गोष्टी लागतात. लिहून घ्या."

मी कशाला लिहून घेऊ? पण काउंटरवरच्या मुलीने खरोखर पेन उचललं.

"एक, वस्ती पाच हजार. दोन, चौरस किलोमीटरला चारशे माणसं. तीन, कामकरी पुरुषांतले शंभरात पंच्याहत्तर शेती सोडून दुसरं काही करणारे पाहिजेत. हे तिन्ही बसलं की जनगणनावाले म्हणतात शहर. पण ते फक्त त्यांच्या वहीत! गावात नगरपालिका येत नाही, मुख्याधिकारी येत नाही. सरपंच तोच, ग्रामसेवक तोच, गटार तेच. सरकारी पाटी बदलायला नगरविकास खात्याची अधिसूचना लागते. ती तुमची निघालीय का?"

नव्हती.

"मग?" असं म्हणून त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. दोनशे चाळीस आणखी पक्के झाले.

ते चुकीचं बोलत नव्हते, हा माझ्या रागाचा मुख्य भाग. 2011 च्या गणनेत देशात अशी 3,894 जनगणना शहरं निघाली. त्याच्या दहा वर्षं आधी ती 1,362 होती. म्हणजे दहा वर्षांत अडीच हजार गावं रात्री खेडं म्हणून झोपली आणि सकाळी शहर म्हणून उठली, आणि बहुतेकांना कुणी उठवलंच नाही. आम्हाला तरी कुठं कळलं होतं? ही यादी मी ब्रितासाठी शोधली तेव्हा आमच्या गावाचं नाव दिसलं. मी धावत जाऊन आईला सांगितलं, "आई, आपण शहर झालो." आई म्हशीला पेंड घालत होती. तिने विचारलं, "पाणी रोज येणार काय?"

त्या पंच्याहत्तर टक्क्यांचंही एकदा बोलून घेतो, कारण तलाठीसाहेब 'पुरुष' हा शब्द भरधाव बोलून गेले. शहर ठरवताना बायकांचं काम मोजतच नाहीत. आमच्या गावातले पुरुष गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला लागले, कुणी फौंड्रीत, कुणी रिक्षावर, आणि गावाची शेती सुटली असं वहीत लागलं. शेती सुटली नव्हती. ती बायकांकडे आली होती. आमची आई, दोन्ही काकू, शेजारच्या सुशीलाआत्या पहाटे वैरण कापायला जायच्या, दुपारी भांगलायला, संध्याकाळी धार. त्या चौघी दिवसभर रानात होत्या म्हणून बाबा आणि काका बिनघोर शिफ्टला जाऊ शकत होते आणि शिफ्टला गेले म्हणून गाव शहर झालं. हे मी आईला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "मग मी कुठं ऱ्हाते?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बाबा शहरात राहत होते आणि आई त्याच घरात खेड्यात.

असो. काउंटरवर परत येऊ.

मुलीने आता ब्रिताचा पत्ता टाकायला घेतला. पडदा पुन्हा थबकला. "काका, हे डेस्टिनेशनपण रिमोट दाखवतंय. त्याचा वेगळा चार्ज."

"रिमोट?" मी म्हणालो. "ताई, हे जगातलं सगळ्यात मोठं शहर आहे."

हे वाक्य मी सदतीस वर्षं ऐकून घेतलं होतं. कधीतरी आपल्यालाही उच्चारायला मिळावं अशी माझी इच्छा असणार. पण ते कोल्हापूरच्या कुरियरच्या दुकानात, रांगेतल्या सहा माणसांसमोर, डबा हातात धरून म्हटल्यावर त्याचा अपेक्षित परिणाम झाला नाही. मागच्या बाई हसल्या. तलाठीसाहेबांनी मात्र गंभीरपणे विचारलं, "क्षेत्र किती?"

"वीस हजार चौरस किलोमीटर."

"हेक्टरात सांगा."

"वीस लाख."

त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते वर्णन करायला मला शब्द नाहीत. एखाद्या कीर्तनकाराला विठ्ठल समोर दिसावा तसा तो चेहरा झाला. "एका गावाला वीस लाख हेक्टर," ते पुटपुटले. "तलाठी किती?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात सजे पाडायला सुरुवात केली असावी, कारण ओठ हलत होते. मग ते एकदम भानावर आले. "माणसं किती म्हणालात?"

"बावीस हजार."

"मग ते शहर नाही! चारशेच्या हिशेबाने वीस हजार चौरस किलोमीटरला किती माणसं लागतील? ऐंशी लाख!" त्यांनी विजयी मुद्रेने रांगेकडे पाहिलं. "ऐंशी लाख माणसं आणा म्हणावं, मग बोला."

हा हिशेब मी आधी कधी केला नव्हता हे कबूल करतो. ब्रिताने पहिलं पत्र लिहिलं तेव्हा अख्ख्या स्वीडनची लोकसंख्या पंच्याऐंशी लाखांच्या आसपास होती. म्हणजे आपल्या जनगणनेला किरुना शहर म्हणून पटवायचं तर स्टॉकहोमपासून सगळा देश उठवून, राजाराणीसकट, ध्रुववृत्ताच्या वर नेऊन बसवायला हवा होता. अर्थात ही जरा लबाडी आहे. खाणीजवळची जी दाट वस्ती आहे, तेवढीच मोजली तर किरुना आपल्या तिन्ही अटी आरामात पास होतं. पण मग ते जगातलं सगळ्यात मोठं राहत नाही. साधं तालुक्याचं गाव होतं. मोठेपणा हवा तर हद्द मोजा, गर्दी हवी तर घरं मोजा. दोन्ही एका वेळी मागितलं की ब्रितासारखं तीन महिने रुसून बसावं लागतं.

उलट बाजूने पाहिलं तर आणखी गंमत. स्वीडनमध्ये 'शहर' कायद्यातून गेलं, पण त्यांच्या सांख्यिकी खात्याने एक शब्द ठेवलाय, 'तेतॉर्ट'. म्हणजे दाट वस्तीची जागा. अट काय? किमान दोनशे माणसं, आणि घराघरांतलं अंतर दोनशे मीटरच्या आत. दोनशे माणसं! मी राहतो त्या सोसायटीच्या बी विंगला सात मजले, मजल्याला सहा फ्लॅट, घरटी पाच माणसं धरली तर दोनशे दहा. घराघरांतलं अंतर मीटरमध्ये सांगण्याइतकं नाहीच. वरचा माणूस खुर्ची ओढतो तेव्हा आमच्या आमटीत चुना पडतो. स्वीडनच्या हिशेबाने आमची बी विंग एक स्वतंत्र नागरी वस्ती आहे. ए विंगपण. दोन वस्त्यांच्या मधून स्कूटर जेमतेम जाते, त्यावरून गेल्या वर्षी सीमावाद झाला होता.

आणि ब्रिता? लग्नानंतर ती अबिस्को नावाच्या वस्तीत राहायला गेली. राष्ट्रीय उद्यानाच्या दारातलं चिमुकलं गाव, दोनशे माणसं भरत नाहीत. म्हणजे तेतॉर्टसुद्धा नाही. पन्नास ते एकशे नव्व्याण्णव माणसांसाठी त्यांच्याकडे निराळा शब्द आहे, त्यात ती बसते. पण अबिस्को किरुनाच्या हद्दीत असल्याने ती अजूनही, तिच्या म्हणण्यानुसार, जगातल्या सगळ्यात मोठ्या शहरात राहते. शाळेतल्या मैत्रिणीला भेटायला शहरातल्या शहरात शंभर किलोमीटर गाडी हाकते. मी खेड्यात राहतो आणि शेजाऱ्याची शिंक ऐकून 'शतायुषी भव' म्हणतो.

हे सगळं मी दुकानात बोललो नाही. बोललो एवढंच, की साहेब, तिकडं सध्या सगळं गावच उचलून दुसरीकडे नेतायत.

"पुनर्वसन?"

"तसंच. खाली खाण खोल जातेय, जमीन खचतेय. 2004 पासून चाललंय. गेल्या ऑगस्टमध्ये लाकडी चर्च नेलं. सहाशे बहात्तर टन. चाकांवर ठेवून पाच किलोमीटर, दोन दिवस लागले. तासाला अर्धा किलोमीटर."

"मोडलं न्हाई?"

"नाही."

दुकानात क्षणभर शांतता पसरली. आम्ही सगळेच हद्दवाढीची माणसं. कोल्हापूरची महापालिका 1972 साली झाली, सदुसष्ट चौरस किलोमीटरला जरा कमी. तेव्हापासून हद्द वाढवायचे प्रस्ताव किती गेले आणि मोर्चे किती निघाले याची गणती नाही. शहरवाले म्हणतात, आजूबाजूची गावं आत घ्या, जागा संपली. गावं म्हणतात, घरपट्टी वाढेल, सरपंचपद जाईल, आमचं काय भलं होणार? मीही एका मोर्च्यात होतो. विरोधात. 'आम्ही खेडंच बरं' असा फलक माझ्या हातात होता आणि परत येताना मी महापालिकेच्या बागेत भेळ खाल्ली. तिकडे त्यांनी सहाशे बहात्तर टनांचं चर्च जागचं हलवलं. इकडे नकाशावरची एक रेघ हलत नाही, आणि हलू नये म्हणून बोंबलणाऱ्यांत मीच. त्या फलकाचे हे दोनशे चाळीस, असं कुणी तोंडावर म्हटलं असतं तर मला उत्तर सुचलं नसतं. सुदैवाने तलाठीसाहेबांना फलकाचं माहीत नव्हतं.

ते विचार करत होते. शेवटी म्हणाले, "मग त्या चर्चचा गट नंबर कुठला लागणार आता?"

मी दोन्ही चार्ज दिले. वाद न वाढवता द्यायचं कारण एकच होतं, वेळ. पण साहेबांचं पार्सल काय म्हणतं ते बघायला जरा रेंगाळलो, आणि तेच चुकलं. त्यांचा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला. त्यांनी चिठ्ठीवरचा पत्ता मोठ्याने वाचला, "एडिसन टाउनशिप."

"टाउन, ओके," मुलगी म्हणाली. "चार्ज नाही."

"टाउनशिप म्हणजे काय साहेब?" मी विचारलं. आवाजात विष असावं.

"म्हणजे आपलं... कॉलनीसारखं असेल," ते प्रथमच चाचरले.

एडिसन टाउनशिपमध्ये एक लाखाच्या वर माणसं आहेत. नाव टाउनशिप, वस्ती आपल्याकडच्या अ वर्ग नगरपालिकेची, आणि मराठी मंडळी इतकी की दिवाळीचा फराळ तिथं दुकानात मिळतो. साहेब जो चिवडा सातासमुद्रापार धाडत होते तो मुलाने कोपऱ्यावरून आणला असता. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. एवढी माणुसकी माझ्यात अजून आहे, किंवा त्यांनी टाउनशिपची व्याख्या सुरू केली असती याची भीती.

"आणि पाठवणाऱ्याचा पत्ता?" मी मुलीला विचारलं. "साहेबांचं गाव कुठलं?"

साहेब महापालिकेच्या हद्दीत राहतात. खांबाच्या अलीकडे. आमच्या गावात चार वर्षं तलाठी असताना त्यांनी तिथं प्लॉट घेतला नाही, कारण, ते म्हणाले, "खेड्यात पुढं त्रास होतो."

डबा अकरा दिवसांनी पोचला. ब्रिताने फोटो पाठवला. लाडवांचा भुगा झाला होता, चकल्या शाबूत. खाली लिहिलं होतं की तो अबिस्कोत आलाच नाही, किरुनाच्या दुकानात जाऊन आणावा लागला. जाऊन येऊन दोनशे किलोमीटर. 'पण शहरातल्या शहरात,' असं तिने पुढे लिहिलं आणि एक हसरा चेहरा टाकला. मग विचारलं, तुझ्या खेड्यात आता किती माणसं झाली? मी म्हणालो, तुझ्या शहराहून आठ हजार जास्त. दोन दिवस उत्तर नाही. तीन महिने जाणार असं दिसतंय.

मधल्या काळात मी पावती नीट वाचली. शुल्काच्या रकान्यात 'ग्रामीण पिकअप, 240'. त्याच्या वर, पाठवणाऱ्याचं नाव, माझं, चुकीच्या स्पेलिंगने. आणि त्याखाली, शहर: कोल्हापूर.